बीजीव्हीत तारीख जुळली नाही, तर उमेदवाराला विचारायचं कसं?

रिक्रूटमेंटमध्ये नवीन असताना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हा प्रसंग येतो. ऑफर गेलेली असते, उमेदवाराने आधीच्या ठिकाणी राजीनामा दिलेला असतो आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे बीजीव्हीच्या, एजन्सीकडून अंबर किंवा रेड शेरा मारलेला रिपोर्ट येतो. आतमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की उमेदवाराने नोकरी सोडल्याची तारीख एक दिली आहे आणि जुन्या कंपनीने दुसरी सांगितली आहे. आता उमेदवाराला फोन करायचा असतो आणि नेमकं काय बोलायचं ते सुचत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. काही जण चौकशी अधिकाऱ्याच्या थाटात विचारतात, काही जण इतकं गोड बोलतात की उमेदवाराला आपल्याला नक्की काय विचारलं हेच कळत नाही. दोन्हींचं कारण एकच, ते म्हणजे रिपोर्ट नीट न वाचता फोन उचलणं. म्हणून सुरुवात रिपोर्टपासून करू. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू.

समजा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी टेस्टरची जागा भरायची आहे. अट पाच वर्षांच्या अनुभवाची. निवड झालेल्या बाईंनी 26 जून 2024 ला बीजीव्ही फॉर्म भरला. त्यात पहिली नोकरी 4 जून 2019 ते 30 सप्टेंबर 2021 आणि दुसरी 11 ऑक्टोबर 2021 पासून. दुसऱ्या नोकरीतला शेवटचा दिवस 12 जुलै 2024, आपल्याकडे रुजू होणार 29 जुलैला. सोमवारी 15 जुलैला रिपोर्ट आला. पहिल्या कंपनीच्या एचआरने सोडल्याची तारीख 2 ऑगस्ट 2021 अशी कळवली आहे. बाकी सगळं जुळतं.

आधी स्वतःचं घर तपासा

उमेदवाराला विचारण्याआधी चार कागद शेजारी शेजारी उघडा: सीव्ही, तुमच्या सिस्टिममधला अर्ज, उमेदवाराने भरलेला बीजीव्ही फॉर्म आणि एजन्सीचा रिपोर्ट. चुकीची तारीख नेमकी कुठून आत आली ते यात बऱ्याचदा लगेच दिसतं. कधी ती आपल्याच कुणीतरी सीव्हीवरून टाइप करताना चुकवलेली असते. कधी सीव्हीत फक्त महिना-वर्ष असतं आणि सिस्टिमने आपोआप महिन्याची पहिली तारीख घातलेली असते. कधी अमेरिकन कंपनीच्या सिस्टिममध्ये महिना आधी आणि दिवस नंतर लिहिलेला असतो. तिथे 03/07/2021 म्हणजे 7 मार्च, आणि आपण ते 3 जुलै वाचतो. दोन्ही आकडे बारा किंवा त्याच्या आत असतील तर ही शंका आधी घ्या. एखादा आकडा तेरा किंवा त्याहून मोठा असेल तर हा घोळ उरत नाही.

मग रिपोर्टचा जोडपत्राचा भाग उघडा. वरचं पान सगळे वाचतात, खरी माहिती मागे असते. जुन्या कंपनीतून उत्तर कुणी दिलं आणि कसं दिलं? एचआरच्या अधिकृत मेलवरून लेखी उत्तर आलं असेल तर त्याचं वजन वेगळं. फोनवर कुणीतरी “हो, ऑगस्टमध्येच गेल्या बहुतेक” म्हणालं असेल तर ते वेगळं. एजन्सीचा लाल रंग दोन्हीला सारखाच लागतो. रंग फक्त फरक आहे एवढंच सांगतो, कारण सांगत नाही.

फरकाचं माप घ्या

आता पंचांग घेऊन बसा. आपल्या उदाहरणात 2 ऑगस्टपासून 30 सप्टेंबरपर्यंत, दोन्ही दिवस धरून, बरोबर 60 दिवस होतात. असा नेमका 30, 60 किंवा 90 चा आकडा दिसला की नोटीस पिरियडची आठवण व्हायला हवी. जुन्या कंपनीच्या सिस्टिममध्ये राजीनामा दिल्याची तारीख वेगळ्या रकान्यात असते आणि शेवटच्या कामाच्या दिवसाची वेगळ्या. माहिती काढणाऱ्याने चुकीचा रकाना उचलला की हाच फरक पडतो.

इतर फरकांनाही अशाच खुणा असतात. फरक काही दिवसांचा आणि महिनाअखेरीजवळचा असेल तर पेरोलने महिन्याचा शेवटचा दिवस घातलेला असतो. रुजू होण्याच्या तारखेत तीन किंवा सहा महिन्यांचा फरक असेल तर ट्रेनी किंवा इंटर्न म्हणून गेलेला काळ एकाने मोजला आणि दुसऱ्याने सोडला, असं असू शकतं. वर्ष-दीड वर्षाचा फरक असेल आणि उमेदवार मोठ्या कंपनीच्या आवारात पण स्टाफिंग कंपनीच्या पेरोलवर बसत असेल, तर मोठी कंपनी साहजिकच फक्त तिच्या पेरोलवर आल्यापासूनची तारीख सांगते. आणि काही वेळा माणसाने मधली तीन महिन्यांची नोकरी गाळून आजूबाजूच्या दोन तारखा ताणलेल्या असतात. तेही होतं. ती शक्यता नाकारायची नाही, पण तिच्यापासून सुरुवातही करायची नाही.

पुढचा प्रश्न, या फरकाने काय बदलतं? उमेदवाराच्या तारखा धरल्या तर दोन नोकऱ्यांमधलं अंतर 10 दिवसांचं. जुन्या कंपनीची तारीख धरली तर 69 दिवसांचं. एकूण अनुभव एका हिशेबाने पाच वर्षं आणि जवळपास महिनाभर होतो, दुसऱ्या हिशेबाने चार वर्षं अकरा महिने आणि एखाद-दोन दिवस. म्हणजे हा फरक पाच वर्षांच्या अटीच्या अलीकडे-पलीकडे जातो. म्हणून विचारणं भाग आहे. हाच फरक तीन दिवसांचा असता आणि कशावरही परिणाम करत नसता, तर बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात तो सौम्य धरून कागदावर बंद करता येतो. आपल्या कंपनीची मर्यादा किती दिवसांची आहे ते बीजीव्ही टीमकडून आधीच लिहून घ्या, ऐनवेळी अंदाजाने ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोटीस पिरियडची शंका तुम्हाला आली, ती तुमच्यापाशीच ठेवा. उमेदवाराला “नोटीस पिरियडमुळे झालं असेल ना?” असं विचारलंत की समोरून “हो, तसंच” येणार. खरं असलं तरी येणार आणि नसलं तरी येणार. तयार उत्तर हातात देणं ही मदत वाटते, पण त्याने उत्तराची किंमत जाते. खरं सांगणाऱ्या माणसाचंही त्यात नुकसानच आहे, कारण पुढे कुणी विचारलं तर खुलासा त्याने स्वतःहून दिला असं म्हणता येत नाही.

आधी फोन, मग मेल

थेट मेल गेला तर तो वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नुसता फोन केला तर लेखी काही राहत नाही. म्हणून दोन-तीन मिनिटांचा फोन आणि त्याच दिवशी मेल.

फोनची वेळ बघा. उमेदवार अजून जुन्या ठिकाणी कामाला असेल तर कार्यालयीन वेळेत फोन करू नका, शेजारच्या टेबलवर ऐकू जातं. आधी मेसेज टाकून वेळ विचारा, पण त्या मेसेजमध्ये “बीजीव्ही इश्यू” असं लिहू नका. फोनच्या स्क्रीनवर ते कुणीही वाचू शकतं. “कागदपत्रांबाबत एक गोष्ट विचारायची होती, आज सातनंतर पाच मिनिटं मिळतील का?” एवढं पुरे.

फोनवरचं बोलणं साधारण असं:

“नमस्कार मॅडम, मी टॅलेंट टीममधून बोलतेय. आत्ता बोलता येईल का? तुमच्या व्हेरिफिकेशनमध्ये पहिल्या नोकरीच्या शेवटच्या तारखेबद्दल दोन नोंदी वेगवेगळ्या आल्यात. तुमच्या फॉर्ममध्ये 30 सप्टेंबर 2021 आहे आणि कंपनीकडून 2 ऑगस्ट 2021 आली आहे. बाकी तपशील जुळतात. हे कशामुळे असेल ते तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. लगेच सांगायची घाई नाही. मी मेल पाठवते, त्यावर कागदपत्रं बघून शांतपणे लिहा.”

इथे थांबा. खरंच थांबा, कारण पुढच्या पाच-सहा सेकंदांच्या शांततेत नवखा रिक्रूटर घाबरून काहीतरी बोलून बसतो, आणि बहुतेक वेळा ते तयार उत्तरच असतं. उमेदवार लगेच बोलायला लागला तर ऐकून घ्या, वहीत त्याच्याच शब्दांत टिपा आणि “हेच मेलमध्येही लिहा” म्हणा.

पहिला उलटा प्रश्न ठरलेला असतो: “माझ्या जॉइनिंगला काही प्रॉब्लेम आहे का?” याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. “अहो काही नाही, फॉर्मॅलिटी आहे” असं म्हणण्याचा मोह होतो. ते खोटं आहे. उद्या ऑफर मागे घ्यावी लागली तर हेच वाक्य तुमच्या गळ्यात पडेल. शिवाय फॉर्मॅलिटी म्हटलं की उमेदवार कागद शोधायचे कष्ट घेत नाही, एका ओळीचं उत्तर पाठवून मोकळा होतो. त्याऐवजी: “आत्ता कुठलाही निर्णय झालेला नाही. तुमचं उत्तर आणि कागद आले की ते बीजीव्ही टीमकडे जातील, निर्णय त्यांच्याकडून येईल. 29 तारखेत काही बदल होणार असेल तर मी स्वतः आधी कळवेन.” आणि कळवेन म्हटलं की कळवायचं. बाईंची दुसरी नोकरी 12 जुलैला सुटली आहे, मधल्या प्रत्येक दिवशी त्या फोनकडे बघत असणार.

मेल

मेल इंग्रजीत जाणार असला तरी क्रम हाच ठेवा. मराठीत तो असा होईल:

विषय: पहिल्या नोकरीच्या तारखेबाबत माहिती हवी आहे

नमस्कार मॅडम,

आज फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. आपल्या पडताळणीत पहिल्या नोकरीच्या शेवटच्या तारखेच्या दोन नोंदी वेगळ्या दिसतात.

आपण 26 जून 2024 रोजी भरलेल्या फॉर्मप्रमाणे: 30 सप्टेंबर 2021
कंपनीच्या एचआर विभागाने एजन्सीला कळवल्याप्रमाणे: 2 ऑगस्ट 2021

रुजू झाल्याची तारीख आणि पद दोन्हीकडे सारखं आहे.

हा फरक कशामुळे आहे ते आपल्या शब्दांत लिहून कळवावे. सोबत रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या दोन महिन्यांच्या पेस्लिप किंवा पीएफ पासबुकची संबंधित पानं, यांपैकी जे असेल ते जोडावे. बँक खाते क्रमांक आणि पॅन झाकून पाठवले तरी चालेल. फॉर्म भरताना तारीख चुकली असल्यास तसे लिहावे.

उत्तर गुरुवार, 18 जुलै, संध्याकाळी 6 पर्यंत मिळाल्यास पुढची तपासणी वेळेत करता येईल. कागद मिळवायला जास्त वेळ लागणार असेल तर किती दिवस लागतील ते कळवावे. काही शंका असल्यास मला थेट फोन करावा.

या मेलमधली काही ठिकाणं मुद्दाम तशी आहेत. विषयात “विसंगती”, “रेड”, “तातडीचे” यातलं काही नाही. दोन्ही तारखा एकाखाली एक आहेत आणि कुठली तारीख कुणी दिली ते लिहिलं आहे. “आपली तारीख चुकीची आढळली” असं म्हटलं असतं तर जुनी कंपनीच बरोबर असं आपणच ठरवून टाकलं असतं, आणि ते अजून ठाऊक नाही. काय जुळलं तेही सांगितलं आहे, नाहीतर वाचणाऱ्याला सगळाच रिपोर्ट बिघडल्यासारखं वाटतं. “फॉर्म भरताना तारीख चुकली असल्यास तसे लिहावे” हे वाक्य चूक कबूल करायला वाट ठेवतं, पण कारण सुचवत नाही. “का लपवलंत” आणि “समाधानकारक खुलासा न केल्यास” असले शब्द कामगारांना दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीतले आहेत. ही बाई अजून तुमची कर्मचारीही नाही.

मुदत ठरवताना सुट्ट्या बघा. 17 जुलै 2024 ला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी होते, त्यामुळे सोमवारच्या मेलला गुरुवारची मुदत म्हणजे कामाचे दोनच दिवस. उमेदवाराला जुन्या एचआरकडून काही आणायचं असेल तर तेवढ्यात होणार नाही, म्हणून शेवटची सवलतीची ओळ.

मेल वैयक्तिक पत्त्यावरच जावा. सीसीमध्ये हायरिंग मॅनेजर नको. त्याला “एका तारखेची पडताळणी चालू आहे” एवढंच सांगा. अर्धवट माहिती त्याच्या कानावर गेली तर उद्या सगळं निवळलं तरी त्याच्या मनातला शिक्का पुसला जात नाही. एजन्सीचा पूर्ण रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करू नका, उमेदवारालाही नाही. त्यात उत्तर देणाऱ्या एचआर कर्मचाऱ्याचं नाव आणि नंबर असतो.

पीएफ पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीच मागायचा नाही. “मॅडम, ओटीपी सांगा, मी इथूनच काढते” हे सोयीचं वाटतं, पण त्या खात्यातून पैसे काढण्याचा अर्जही करता येतो. उमेदवाराने स्वतः लॉगिन करून पीडीएफ काढावी आणि पाठवावी.

कागद वाचताना कुठे फसायला होतं

आपल्या उदाहरणात बाईंनी बुधवारी रात्रीच उत्तर पाठवलं: “2 ऑगस्ट 2021 ला मी राजीनामा दिला. नोटीस 60 दिवसांची होती. 30 सप्टेंबरपर्यंत काम केलं. कंपनीने राजीनाम्याची तारीख सांगितली असावी.” सोबत रिलीव्हिंग लेटर, सप्टेंबरची पेस्लिप आणि पासबुक. आपल्या मनातलंच उत्तर आलं म्हणून लगेच हुश्श करायचं नाही.

रिलीव्हिंग लेटरवर दोन तारखा असतात. वर कोपऱ्यात पत्राची तारीख, समजा 18 नोव्हेंबर 2021, आणि मजकुरात सेवामुक्त केल्याची तारीख, 30 सप्टेंबर 2021. हिशेब पूर्ण होऊन पत्र निघेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. घाईत वरची तारीख वाचली तर तिसराच घोळ सुरू होतो, कारण 18 नोव्हेंबरला बाई दुसऱ्या कंपनीत होत्या आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारखं दिसतं.

पासबुकातली खोच आणखी बारीक आहे. सप्टेंबरच्या पगारावरचा पीएफ कंपनीने 15 ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. पासबुकात या नोंदीसमोर Due-Month 102021 असं दिसतं. नवखा माणूस ते वाचून उमेदवार ऑक्टोबरमध्येही तिथेच होता असं समजतो. वेतनाचा महिना त्याच्या आधीचा, म्हणजे सप्टेंबर. हे एकदा डोक्यात बसलं की पासबुकासारखा सोपा कागद नाही.

आकडाही बघा. पीएफ 15,000 रुपयांच्या वेतनावर कापला जात असेल तर कर्मचाऱ्याचा महिन्याचा वाटा 12 टक्क्यांनी 1,800 रुपये. बाई खरंच 2 ऑगस्टला गेल्या असत्या तर ऑगस्टमध्ये दोनच दिवसांचा पगार निघाला असता आणि वाटा शे-सव्वाशे रुपयांच्या आसपास दिसला असता, सप्टेंबरची नोंदच नसती. इथे ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्हीला पूर्ण 1,800 आहेत. मात्र उलट बाजूने घाई नको. आकडा कमी दिसला म्हणजे माणूस गेलाच असं नाही, बिनपगारी रजेनेही तो घटतो. पासबुक पगाराचं सांगतं, हजेरीचं नाही.

पोर्टलवर Service History मध्ये Date of Exit दिसते, तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका. जुन्या कंपनीने ती भरली नाही तर 2020 पासून सभासदाला स्वतः Mark Exit करता येतं, शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी, आणि त्या शेवटच्या महिन्यातली कुठलीही तारीख निवडता येते. त्यामुळे इथली तारीख दहा-वीस दिवसांनी इकडेतिकडे असणं नवलाचं नाही.

आणि पीएफची नोंदच नसेल तर? छोट्या ठिकाणी, जिथे वीसपेक्षा कमी माणसं आहेत, पीएफ कायदा सहसा लागूच होत नाही. मूळ पगार 15,000 च्या वर असलेल्या आणि आधी सभासद नसलेल्या माणसाला बाहेर राहता येतं. तेव्हा पीएफ नाही म्हणजे नोकरी नव्हती असा अर्थ काढू नका. अशा वेळी पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट किंवा त्या वर्षीचा फॉर्म 26एएस मागा. कंपनीने टीडीएस कापला असेल तर 26एएसमध्ये कंपनीचं नाव आणि रक्कम दिल्याच्या तारखा येतात.

कागद खरे दिसतात म्हणून फाइल तुम्हीच बंद करायची नाही. ते एजन्सीकडे परत पाठवा आणि फेरपडताळणी मागा. प्रश्न नेमका लिहा: “आपण कळवलेली 2 ऑगस्ट 2021 ही राजीनाम्याची तारीख आहे की शेवटच्या कामाच्या दिवसाची? सोबतच्या रिलीव्हिंग लेटरमधील 30 सप्टेंबर 2021 ही तारीख आपल्या नोंदीशी जुळते का?” नुसतं “कृपया पुन्हा तपासा” लिहिलं तर जुना एचआर तोच रकाना बघून तेच उत्तर देतो, आणि दुसऱ्यांदा आलेलं चुकीचं उत्तर खोडणं पहिल्यापेक्षा अवघड जातं. तुम्ही स्वतः ओळखीच्या एचआरला फोन लावून “जरा बघ ना” करू नका. उमेदवाराची संमती एजन्सीच्या प्रक्रियेला आहे, तुमच्या ओळखीला नाही. आणि तारीख चालू नोकरीची असेल तर उमेदवाराने स्पष्ट होकार दिल्याशिवाय तिथे कुणीही फोन करायचा नाही.

उत्तर वेगळंच आलं तर

समजा बाईंनी लिहिलं असतं, “ऑगस्टमध्ये काम सोडलं, वडील आजारी होते, गॅप दिसू नये म्हणून तारीख पुढची टाकली.” अशा वेळी आवाज बदलू नये. “स्पष्ट लिहिलंत, धन्यवाद. हे मी जसंच्या तसं बीजीव्ही टीमला देते. दुरुस्त तारखांचा फॉर्म पाठवते, तो भरून सही करून द्या.” एवढंच. “काही होणार नाही” म्हणू नका आणि “हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं” हेही म्हणू नका. पहिलं तुमच्या हातात नाही आणि दुसरं त्यांना ठाऊक आहे. आजारपणाचे कागद मागू नका, प्रश्न तारखेचा आहे. दुरुस्त तारखेने अनुभव पाच वर्षांच्या खाली जातो हे मात्र टीमला पाठवायच्या नोंदीत तुम्हीच लिहा, नाहीतर ते नंतर कुणीतरी शोधून काढतं आणि तुम्ही झाकलंत असं दिसतं.

उत्तरच आलं नाही तर मुदतीच्या दुसऱ्या दिवशी एक फोन, मग एक आठवणीचा मेल. त्यात नवी तारीख आणि त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास उपलब्ध माहितीवर अहवाल पुढे जाईल, हे सरळ लिहा. ही धमकी नाही, पुढे खरंच तसंच होणार असतं आणि ते माहीत असण्याचा उमेदवाराला हक्क आहे.

उत्तर आलं पण अर्धवट आलं, म्हणजे “एचआरची चूक आहे” एवढंच आणि कागद नाही, तर तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. एक कागद नेमका मागा: “सप्टेंबर 2021 चा पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंटचं पान मिळेल का?” खरं काम केलेल्या माणसाला हे पान नेटबँकिंगवर किंवा बँकेकडून मिळवता येतं. जुनी कंपनी बंद पडली असेल तर तेच पान सगळ्यात उपयोगी पडतं.

फाइल बंद करताना

आपल्या उदाहरणात 23 जुलैला जुन्या एचआरचं उत्तर आलं की आधी कळवलेली तारीख राजीनाम्याची होती, शेवटचा दिवस 30 सप्टेंबर 2021. एजन्सीने रिपोर्ट हिरवा केला. त्याच दिवशी बाईंना फोन: “मॅडम, कंपनीने 30 सप्टेंबर ही तारीख लेखी कळवली. तुमची पडताळणी पूर्ण झाली, 29 तारीख कायम आहे.” आठ दिवस लटकून राहिलेल्या माणसाला हे सिस्टिमच्या आपोआप मेलमधून कळू देऊ नका.

नोंद तीन ओळींची ठेवा: फरक काय होता, उमेदवाराने काय सांगितलं, कशाच्या आधारे निवळलं. “उमेदवाराने चुकीची तारीख दिली होती, नंतर दुरुस्त” असं कुणीतरी घाईत लिहितं. इथे उमेदवाराची तारीख पहिल्यापासून बरोबर होती, आणि ती ओळ वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहिली असती. हायरिंग मॅनेजरला “पडताळणी पूर्ण” एवढंच कळवा. पासबुक आणि पेस्लिपच्या प्रती तुमच्या मेलबॉक्समध्ये आणि डाउनलोड फोल्डरमध्ये पडून असतात, त्या बीजीव्हीच्या फाइलमध्ये गेल्यावर तिथून काढून टाका.